आठ वेळा, पिवळी आणि पातळ

बाळ २५ दिवसांचं आहे. पहिलंच बाळंतपण, म्हणून आई माहेरी आलेली. बाळ फक्त अंगावर पितं, वरचं पाणीसुद्धा नाही. दिवसरात्र धरून आठ-नऊ वेळा शी करतं. शी पिवळी, पातळ, मोहरीएवढे पांढुरके कण असलेली, आणि बहुतेक वेळा पाजत असतानाच किंवा पाजून झाल्या झाल्या होणारी. यावरून घरात दोन मतं पडली आहेत. एक आजीचं, म्हणजे बाळाच्या आईच्या आईचं. दुसरं तिच्या धाकट्या बहिणीचं. सरकारी रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात परिचारिका म्हणून तिची उमेद गेली, घरात सगळे तिला मावशीच म्हणतात. बालरोगतज्ज्ञ म्हणून ही दोन्ही मतं मी घराघरांतून ऐकत आले आहे. पुढचा संवाद मी त्यांतून रचला आहे. आजीची बाजू मी मुद्दाम दुबळी केलेली नाही, कारण तिच्या भीतीला आधार आहे.

आजी : काल नऊ लंगोट पिवळे झाले. मी एकेक मोजला. पाजायला घेतलं की पाच मिनिटांत पोटातून गुडगुड, आणि झालीच. मोठ्या माणसाला दिवसातून नऊ वेळा पातळ झाली तर आपण सलाईन लावायला धावतो. हे तर एवढंसं लेकरू.

मावशी : नऊ वेळा झाली हे मी नाकारत नाही, ताई. पण मागच्या आठवड्यात किती वेळा होत होती?

आजी : तेव्हाही आठ-नऊच. म्हणून तर म्हणते, इतके दिवस झाले तरी थांबत नाही.

मावशी : मला यात उलटंच दिसतं. जुलाब म्हणजे बाळाची जी नेहमीची रीत आहे, ती मोडणं. रोज चार वेळा करणारं बाळ एकाएकी बारा वेळा करू लागलं आणि शीत मळापेक्षा पाणीच जास्त दिसू लागलं, तर मी घाबरेन. आरोग्य सेविकांना बाळाचे आजार ओळखायला जे तक्ते शिकवतात, त्यांत हेच दिलेलं आहे: अंगावर पिणाऱ्या बाळाची वारंवार होणारी, सैल शी म्हणजे जुलाब नव्हे. जागतिक आरोग्य संघटना दिवसातून तीन किंवा अधिक पातळ शी म्हणजे जुलाब असं म्हणते, पण तिथेच अंगावरच्या बाळांच्या मऊ, सैल शीला त्यातून वगळते.

आजी : संघटनेने आपलं बाळ पाहिलं नाही. हा कागद मात्र त्याचाच आहे. जावईबापूंनी परवा शी तपासून आणली. यात आम्लता जास्त, साखर सापडली, चरबीचे थेंब सापडले. दूध पचत नाही असं तिथे सांगितलं. चार दिवस अंगावरचं बंद करा आणि हा डबा सुरू करा म्हणाले. डबा आणलाय, अजून फोडला नाही. तुझ्यासाठी थांबले.

मावशी : थांबलीस ते फार बरं झालं. कागद खोटा नाही. अंगावर पिणाऱ्या, चांगल्या धडधाकट २५ दिवसांच्या बाळाची शी तपासली तर बहुधा हेच लिहून येईल.

(इथे मला मध्ये बोललंच पाहिजे. शीत साखर सापडणं आणि शी आम्लधर्मी असणं या दोन नोंदी पाहून ‘लॅक्टोज पचत नाही’ असा शिक्का मारला जातो आणि आईचं दूध तोडलं जातं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पहिल्या काही महिन्यांत, केवळ अंगावर पिणाऱ्या बाळासाठी ही तपासणी आजार दाखवत नाही. बाळ उत्तम वाढत असेल तर ती करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.)

आजी : साखर बाहेर पडते म्हणजे पचली नाहीच ना?

मावशी : थोडी पचत नाही, बरोबर. आईच्या दुधात दर १०० मिलीलिटरमागे साधारण ७ ग्रॅम लॅक्टोज असतं, गाईच्या दुधापेक्षा बरंच जास्त. बाळ दिवसाला ७०० मिलीलिटर दूध पीत असेल, तर जवळपास ५० ग्रॅम साखर त्याच्या चिमुकल्या आतड्यात जाते. त्यातली बहुतेक लहान आतड्यात पचते. उरलेली मोठ्या आतड्यात उतरते आणि जिथे साखर, तिथे ती पाणी धरून ठेवते. शी पातळ होण्याचं हे पहिलं कारण. त्या साखरेवर तिथले जंतू जगतात आणि आम्ल तयार करतात. म्हणून शी आम्लधर्मी, म्हणून तिला जरा आंबूस वास. कुजकट नाही, आंबूस. तू लंगोट धुतेस, तुला वास माहीत आहे.

आजी : वास आंबूसच आहे. ताकासारखा. पण जंतू म्हणालीस ना? जंतू आहेत म्हणजे औषध नको?

मावशी : हे जंतू बाळाचे आहेत, ते मारायचे नाहीत. आईच्या दुधात लॅक्टोजखेरीज आणखी एक प्रकारची साखर असते, लांबलचक साखळ्यांची. लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम, म्हणजे काही थोडीथोडकी नाही. गंमत अशी की ती बाळाला पचतच नाही. ती पचवायचा रसच माणसाच्या पोटात नसतो. ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात जाते आणि तिथल्या बिफिडोबॅक्टेरिया नावाच्या जंतूंना पोसते. ते वाढले की आतडं आंबट होतं आणि त्या आंबटपणात रोग करणाऱ्या कित्येक जंतूंना पाय रोवता येत नाहीत. तुला जो दोष वाटतो, तो बाळाचा पहारा आहे. उगाच अँटिबायोटिक दिलं तर आधी हेच जंतू मरतील.

आजी : आणि चरबी?

मावशी : तीही थोडी निसटते. बाळाचं स्वादुपिंड अजून पुरतं तयार नसतं. तुला दिसणारे पांढुरके कण म्हणजे दुधाचा साका आणि चरबी, दुसरं काही नाही.

आजी : मग माझ्या दोन्ही पोरांना अशी का होत नव्हती? त्यांची शी घट्ट, गोळा बांधलेली. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. पोर सुदृढ असलं की अशीच शी असते, असं मी तरी धरून चालले.

मावशी : ताई, तुझी दोन्ही पोरं दुसऱ्या महिन्यापासून वरच्या दुधावर होती. थोरलीला गाईचं, धाकट्याला डब्याचं. तेव्हा सगळेच देत होते, तुला तसंच सांगितलं होतं. पण त्यामुळे आपल्या डोळ्यांना बसलेलं माप वरच्या दुधाचं आहे. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत पाचातले चार भाग केसीन असतं. ते पोटात गेलं की पनीरसारखा घट्ट साका धरतं, पचायला वेळ घेतं आणि शी घट्ट बांधते. आईच्या दुधात केसीनचा वाटा निम्म्याहून कमी, साका विरविरीत, पोट लवकर रिकामं. या बाळाला आपण तुझ्या पोरांच्या मापाने मोजत आहोत.

आजी : बरं. पण पाजता पाजताच का होते? दूध आत जातं आणि लगेच तेच बाहेर पडतं, असं वाटतं बघ.

मावशी : तेच दूध नाही ते. पोट भरायला लागलं की मोठ्या आतड्याला हालचालीची सूचना जाते. ही योजना माणसाला आयुष्यभर असते. सकाळी चहा घेतला की तुला जावं लागतं ते त्यामुळेच. नवजात बाळात ती जोरात असते आणि आवरायची ताकद नसते. बाळ दिवसाला दहा वेळा पितं, तर दहा वेळा आतडं हलतं. आधीच्या दुधाचा गाळ बाहेर पडतो.

आजी : आणि पिवळा रंग? तिने परवा आंब्याच्या दोन फोडी खाल्ल्या होत्या. मी तेव्हाच म्हटलं होतं, बाळंतिणीने आंबट-गोड खाऊ नये.

मावशी : आंब्याचा बिचारीला दोष नको. रंग पित्ताचा आहे. पित्तात बिलिरुबिन असतं, ते पिवळं. मोठ्या माणसाच्या आतड्यातले जंतू त्याचं रूप पालटून तपकिरी करतात. एवढ्या लहान बाळात ते काम करणारे जंतू अजून जमलेले नसतात, म्हणून शी पिवळीच राहते. आणि आईच्या जेवणावरून दुधातली साखर कमी-जास्त होत नाही. तिने वरण-भात खाल्ला काय किंवा आंबा खाल्ला काय, लॅक्टोज तेवढंच. तिला जेवू दे. तिची उपासमार केली तर दुधाला काही होणार नाही, तीच थकेल.

आजी : कधी कधी हिरवट होते तेही पित्तामुळेच?

मावशी : बहुधा. शी आतड्यातून भरभर सरकली किंवा लंगोटावर उघडी राहिली, तर पिवळं पित्त हिरवं होतं. एखाद-दुसरी हिरवी दिसली तर सोडून दे. रोज हिरवी, फेसाळ, जोरात उडणारी होऊ लागली आणि बाळ पिताना ठसकत असलं, तर दूध फार वेगाने येत असेल. तेव्हा एका बाजूचं पुरतं पिऊ द्यायचं आणि मगच दुसरीकडे घ्यायचं, एवढा बदल पुरतो.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने ते सांगितलं, जे ती पहिल्यापासून सांगू पाहत होती.

आजी : तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. आपला भाऊ आठ महिन्यांचा असताना गेला. सकाळी पातळ सुरू झाली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोर हातात नव्हतं. आई शेवटपर्यंत म्हणायची, मी सकाळीच का नाही नेलं. मी ते पाहिलंय. म्हणून मला नऊ लंगोट दिसले की छातीत धस्स होतं. तुझं सगळं खरं असेल, पण एखाद्या वेळी तू चुकलीस तर?

मावशी : आईकडून मीही ते ऐकलंय, ताई. तुझी भीती खुळी नाही. हगवणीने मुलं जातात, आजही जातात. म्हणून मी तुला घाबरू नको असं म्हणत नाहीये. कशाला घाबरायचं तेवढं नीट ठरवू या. भाऊ काय पीत होता?

आजी : म्हशीचं दूध, पाणी घालून. बाटलीतून.

मावशी : आणि त्या दिवशी कसा दिसत होता?

आजी : डोळे खोल गेले होते. जीभ कोरडी. रडताना पाणी नाही. दुपारनंतर लघवीच केली नाही. शी म्हणजे निव्वळ पाणी, लंगोटातून आरपार. आणि घाण वास. मग तो निपचित पडला, बाटली तोंडाला लावली तरी ओढेना.

मावशी : तू आत्ता सांगितलंस तेच सगळं पाहायचं असतं. आता या बाळाकडे बघ. काल लघव्या किती झाल्या?

आजी : सात-आठ तरी. रंग पाण्यासारखा.

मावशी : पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त फिक्या लघव्या होत असतील, तर शरीरात पाणी पुरेसं आहे. जीभ ओली. हाक मारली की डोळे उघडतं. ओढतं तर असं की आईचे हात दुखतात. आणि सर्वांत मोठी साक्ष वजनाची. त्याचं कार्ड आण. जन्माच्या वेळी २९०० ग्रॅम. चौथ्या दिवशी २७२०. हे उतरणं नेहमीचं, शंभरात सहा भाग. दहा भागांपर्यंत उतरलं की आम्ही लक्ष घालतो. आज आशाताईंच्या काट्यावर ३४००. म्हणजे २१ दिवसांत ६८० ग्रॅम, रोजचे ३२. या वयात रोज २० ते ३० ग्रॅम वाढलं तरी आम्ही खूश असतो. ज्यांना आईच्या दुधातली साखर जन्मतःच खरोखर पचत नाही, अशी बाळं जगात फार क्वचित जन्मतात. त्यांना पहिल्या दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब लागतात आणि वजन उतरतच जातं. रोज ३२ ग्रॅम वाढणाऱ्या बाळाला दूध पचत नाही, हे कसं शक्य आहे?

आजी : म्हणजे डबा नकोच.

मावशी : डब्याचं काय होईल ते बघ. चार दिवस अंगावरचं बंद केलं की शी खरंच घट्ट होईल, आणि सगळे म्हणतील, बघा, गुण आला. पण ओढणारं तोंड नसलं की दूध आटू लागतं. चार दिवसांनी पुन्हा लावायचं म्हटलं तर बाळाला बाटलीची सवय झालेली असेल आणि आईला पुरं पडत नसेल. मग बाटली कायमची. बाटलीचं बूच, पाणी, मोजायचा चमचा, यांतलं काही एकदा जरी अस्वच्छ राहिलं तरी खरी हगवण येईल, भावाला आली तशी. आपण नसलेला आजार काढायला जाऊ आणि असलेला आणून ठेवू.

आजी : थोडं मुरुडशेंग आणि जायफळ उगाळून तरी? आमच्याकडे गुटी पिढ्यान्‌पिढ्या देतात.

मावशी : नको. सहाण, हाताचं बोट, उगाळायचं पाणी, सगळीकडून जंतू जातात. जायफळ किती उगाळलं गेलं हे कोणी मोजत नाही, आणि पेंगुळलेलं बाळ कमी पितं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. मध नाही, ग्राइप वॉटर नाही, ग्लुकोजचं पाणी नाही. बुडाची त्वचा आंबट शीने लाल झाली असेल तर कोमट पाण्याने धुवून पूर्ण कोरडी करायची आणि खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवायचा. लंगोट ओला ठेवायचा नाही. त्याला करायचं एवढंच आहे.

आजी : लंगोटावरच तर मला पाणी पाणी दिसतं.

मावशी : सुती कापडावर पाणी पसरून मोठं वर्तुळ उमटतं आणि मध्ये पिवळा मळ राहतो. तीच शी बाजारच्या डायपरमध्ये दाट दिसेल, कारण पाणी आत शोषलं जातं. म्हणून वर्तुळ किती मोठं ते बघू नको. मध्ये पिवळं काही शिल्लक राहतं का, ते बघ. काहीच उरलं नाही, नुसतंच पाणी निघून गेलं, असं दोन-तीन लंगोटांत दिसलं, तर मात्र थांबायचं नाही.

आजी : आणखी कशासाठी उचलून न्यायचं, ते आता सरळ सांग. रात्री दोन वाजता मला तुला फोन करायला लावू नको.

मावशी : पाणी होऊन आरपार जाणं, रीत एकाएकी मोडणं, घाण वास. रक्त दिसणं, अगदी दोरा दिसला तरी. कधी कधी गाईच्या दुधातलं प्रथिन आईच्या जेवणातून उतरून बाळाला सोसत नाही, तेव्हा असं होतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. ताप. हिरवी उलटी. लघव्या कमी होणं. ओढणं बंद होणं, निपचित पडणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला यांतलं काही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला न्यायचं, आणि वाटेतसुद्धा पाजत राहायचं. जुलाब असले तरी आईचं दूध तोडायचं नाही.

आजी : आणि तू मघापासून रंग सोडून दे, सोडून दे म्हणतेस. कोणत्याच रंगाला घाबरायचं नाही?

मावशी : एका रंगाला घाबर. पांढुरका, चिकणमातीसारखा, रंगच नसलेला. पित्त आतड्यात उतरत नसेल तर असं होतं. आणि दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे राहिले असतील, लघवी गडद पिवळी होत असेल, तर एक दिवसही वाया घालवायचा नाही. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारावर शस्त्रक्रिया आहे, पण ती पहिल्या दोन महिन्यांत झाली तर गुण येण्याची शक्यता जास्त. इतकी वर्षं मी पाहिलं. पिवळ्या शीवरून घाबरलेली माणसं रोज येतात आणि पांढऱ्या शीची बाळं उशिरा येतात, कारण ती शी घट्ट आणि ‘बरी’ दिसते.

(या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे असं म्हटलं तरी चालेल. घट्टपणा पाहून निश्चिंत होणाऱ्या घरांत खरा धोका निसटतो.)

आजी : एक विचारू? मग पहिल्या महिन्यात शी कमी झाली तर बरं की वाईट?

मावशी : हा खरा प्रश्न. वाईट असू शकतं. पहिल्या दोन दिवसांत काळी, डांबरासारखी शी जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती हिरवट होते. पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी आणि दिवसाला तीन-चार तरी. पाचव्या दिवशीही काळीच असेल किंवा दिवसातून एकदाच होत असेल, तर आम्ही लगेच वजन करतो आणि बाळ स्तनाला नीट लागतं का ते पाहतो, कारण बहुधा दूध पोटात पुरेसं जात नसतं. पहिल्या महिन्यात पिवळ्या लंगोटांची रांग हा दूध पोचल्याचा पुरावा असतो. तू मोजलेले नऊ लंगोट मला तर चांगली बातमी वाटतात.

आजी : आणि हे असं किती दिवस?

मावशी : सहा आठवड्यांच्या आसपास पालटेल. आतडं साखर जास्त शोषायला लागतं, गाळ कमी उरतो. काही बाळं तेव्हा दोन दिवसांनी करतात, काही पाच-सात दिवसांनी. बाळ हसत-खेळत असेल, पोट मऊ असेल, वजन वाढत असेल आणि केली तेव्हा शी मऊच असेल, तर ती बद्धकोष्ठता नाही. तेव्हा साबणाची वडी लावू नको, एरंडेल देऊ नको.

आजी : पाच दिवस नाही झाली तरी थांबायचं?

मावशी : तरीही. वजन मात्र दर आठवड्याला करायचं. पुढच्या बुधवारी अंगणवाडीत काटा असतो, तिथे दोघी जाऊ. हा डबा आत्ताच जावयांकडे दे, बिल असेल तर दुकानदार परत घेईल.